चवळीतला भुंगेरा, मोठा r आणि केऑस: पॉप्युलेशन इकॉलॉजीची असाइनमेंट पायरीपायरीने

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली आपली बरीच मुलं दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी., एम.एस्सी.ला आली की सगळं एकदम इंग्रजीत समोर येतं. त्यात पॉप्युलेशन इकॉलॉजीच्या पेपरात एक असाइनमेंट हमखास असते: घनता-अवलंबी वाढीचं डिस्क्रीट-टाइम मॉडेल चालवा आणि वाढीचा दर चढवत नेल्यावर संख्या आधी स्थिर, मग चक्रात, मग केऑसमध्ये कशी जाते ते दाखवा. बहुतेक जण पुस्तकातली आकृती उतरवून काढतात. आकृती बरोबर येते, पण तोंडी परीक्षेत 'असं का होतं?' विचारलं की गप्प. हा लेख त्या 'का'साठी आहे. सोबत लॅपटॉप उघडून बसलात तर एका बैठकीत काम होईल.

आधी प्राणी ठरवा

मॉडेल कागदावरचं असलं तरी डोळ्यासमोर एक खरा जीव असू द्या. मी कडधान्यातला भुंगेरा घेतो, शास्त्रीय नाव कॅलोसोब्रुकस. रविवार पेठेतून आणलेली चवळी, म्हणजे आपल्याकडचे अलसंदे, पावसाळ्यात डब्यात राहिली की त्यात जे तपकिरी किडे फिरू लागतात तेच हे. दाणा हातात घेऊन बघा. सालीवर पांढरे, चपटे, खसखशीहून लहान ठिपके चिकटलेले असतात, ती अंडी. अळी अंड्याच्या तळातूनच थेट दाण्यात शिरते, आतलं खाऊन वाढते, आतच कोष करते आणि शेवटी सालीत एक गोल झाकण पाडून प्रौढ किडा बाहेर येतो. दाण्याला दिसतं ते गोल भोक त्याचंच.

हाच जीव का, तर डिस्क्रीट-टाइम मॉडेलची पहिली अट तो जवळजवळ पाळतो. प्रौढ किडा साठवणीत काही खात नाही, एक-दोन आठवडे जगतो, अंडी घालतो आणि मरतो. त्यानंतर पुढची पिढी बाहेर पडते. पिढ्या एकमेकींत फारशा मिसळत नाहीत, म्हणून वेळ सलग न धरता पिढी-पिढीच्या उड्यांनी मोजता येते. माणूस, म्हैस किंवा वडाचं झाड घेतलंत तर हे गणित लागू होणार नाही, कारण तिथे आजी, आई आणि नात एकाच वेळी हयात असतात.

इथे एक सूचना. मॉडेलमधला `t` म्हणजे महिना नव्हे, पिढी. साधारण ३० अंश तापमानाला एक पिढी तीन-चार आठवड्यांत पुरी होते, पण बेळगावच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ती बरीच लांबते. आलेखाच्या आडव्या अक्षावर 'महिने' लिहून मोकळं होऊ नका.

समीकरण

आपण रिकरचं मॉडेल वापरू. कॅनडाचे मत्स्यशास्त्रज्ञ बिल रिकर यांनी ते १९५४ साली माशांच्या पिढ्यांसाठी मांडलं:

```
N(t+1) = N(t) * exp( r * (1 - N(t)/K) )
```

`N(t)` म्हणजे या पिढीतले प्रौढ किडे. `K` म्हणजे ती संख्या, जिथे पुढची पिढी नेमकी तेवढीच येते. `r` म्हणजे गर्दी अजिबात नसताना वाढीचा दर, पण लॉगच्या भाषेत. म्हणून `r` ऐकला की मनात लगेच `exp(r)` करा. `r` ०.८ असेल तर एका किड्यामागे पुढच्या पिढीत सव्वादोन, २ असेल तर सुमारे ७.४ आणि ३ असेल तर सुमारे २०. 'r तीन' हा आकडा छोटा वाटतो, पण एका पिढीत वीसपट ही काही छोटी गोष्ट नाही.

लॉजिस्टिक मॉडेलचं साधं डिस्क्रीट रूप, `N + r*N*(1 - N/K)`, पुस्तकात आधी भेटतं. तेही चक्रं आणि केऑस दाखवतं. पण संख्या `K` पेक्षा फार वर गेली की त्यात उत्तर ऋण येतं, आणि उणे बारा भुंगेरे कुणी पाहिलेले नाहीत. रिकरच्या समीकरणात `exp` असल्यामुळे संख्या कितीही खाली गेली तरी शून्याच्या वरच राहते. तुमच्या असाइनमेंटमध्ये लॉजिस्टिकच सांगितलं असेल तर पायऱ्या ह्याच, फक्त उंबरठ्याचे आकडे बदलतील. त्याबद्दल पुढे सांगतो.

शीट बांधा

लिबरऑफिस कॅल्क किंवा एक्सेल, काहीही चालेल. `E1` मध्ये `r` चा आकडा, `E2` मध्ये `K` म्हणून 100 लिहा. `A` स्तंभात पिढी 0, 1, 2… अशी 60 पर्यंत. `B2` मध्ये सुरुवातीची संख्या 10. मग `B3` मध्ये हे टाका आणि खाली ओढा:

```
=B2*EXP($E$1*(1-B2/$E$2))
```

डॉलरची चिन्हं विसरलात तर खाली ओढताना `E1` चा `E2`, `E3` होत जातो. तिसऱ्या-चौथ्या ओळीतच आकडे भलतीकडे जातात किंवा शून्याने भागल्याची त्रुटी येते. तसं झालं की आधी तिथे बघा.

शेजारच्या `C` स्तंभात `C2` ला `=B3` लिहून तोही खाली ओढून ठेवा, फक्त शेवटची ओळ सोडा. हा स्तंभ केऑसच्या वेळी कामाला येईल.

आता `r` एक-एक पायरी चढवू.

r = ०.८ आणि १.८: दोघंही स्थिर, पण वेगळ्या चालीने

`r` ०.८ ठेवलात तर संख्या १० वरून २१, ३९, ६३, ८५, ९६, ९९ अशी एकाच बाजूने चढते आणि १०० ला टेकते. ओळखीचा तिरपा एस, विशेष काही नाही.

१.८ केलंत की चाल बदलते. १० वरून ५१, तिथून थेट १२३, मग ८१, ११४, ८९, १०९, ९३… संख्या `K` ओलांडते, मग `K` च्या खाली जाते, परत वर येते, आणि दर खेपेला चूक थोडी लहान होते. शेवटी तीही १०० वरच थांबते.

आता या आकड्यांतून एक गोष्ट स्वतः काढा. १०० पासूनचं अंतर बघा: ११४ ला +१४, मग −११, मग +९, मग −७. प्रत्येक अंतर आधीच्याच्या साधारण −०.८ पट आहे. हा −०.८ कुठून आला? `1 - r` मधून. १ वजा १.८ म्हणजे −०.८.

सगळ्या असाइनमेंटचा कणा हाच आहे, म्हणून जरा थांबू. समीकरणाचं `N` च्या संदर्भात अवकलन केलं तर `exp(r*(1-N/K)) * (1 - r*N/K)` मिळतं. त्यात `N = K` घाला: `exp(0)` म्हणजे १, आणि उरतं `1 - r`. म्हणजे `K` च्या आसपास ही पिढी जितकी वर असेल, पुढची पिढी तिच्या `(1 - r)` पट दूर असेल. यावरून सगळं वाचता येतं. `r` एकापेक्षा कमी असेल तर हा गुणक धन आणि एकापेक्षा लहान, म्हणून अंतर त्याच बाजूला राहून आटत जातं. `r` एक ते दोनच्या मध्ये असेल तर गुणक ऋण, म्हणून दर पिढीला बाजू बदलते, पण अंतर आटतंच. `r` दोनच्या पुढे गेला की गुणक −१ च्या पलीकडे, आणि आता अंतर दर पिढीला वाढतं. `K` हा समतोल गणितात अजून तिथेच आहे, पण कुठलीही संख्या त्यावर टिकत नाही.

जीवशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर: दाणे ठराविक आहेत. एका पिढीत किडे जरा जास्त झाले, तर दर दाण्यावर इतकी अंडी पडतात की आतल्या अळ्या एकमेकींना पुरं खाणं मिळू देत नाहीत आणि बहुतेक मरतात. पुढची पिढी फक्त कमी होत नाही, गरजेपेक्षा जास्त कमी होते. मग दाणे मोकळे, आणि उरलेले थोडे किडे मोठ्या `r` च्या जोरावर पुन्हा मर्यादेबाहेर वाढतात. गर्दीची शिक्षा एका पिढीच्या उशिराने मिळते, आणि मिळते ती गुन्ह्याहून मोठी.

r = २.३ आणि २.६: चक्रं

`E1` मध्ये 2.3 टाका. सुरुवातीच्या पिढ्या सोडून द्या आणि तळाच्या ओळी बघा. संख्या ४१, १५९, ४१, १५९ अशी कायमची झुलते. दोन पिढ्यांचं चक्र.

या दोन आकड्यांची सरासरी काढा. बरोबर १०० येते. हा योगायोग नाही. चक्र पूर्ण होऊन संख्या जिथून निघाली तिथे परत यायची तर सगळे गुणाकार मिळून १ व्हायला हवेत, म्हणजे घातांकांची बेरीज शून्य, म्हणजे `1 - N/K` ची बेरीज शून्य. रिकर मॉडेलमध्ये कुठल्याही चक्राची सरासरी `K` असते, केऑसमध्येसुद्धा दीर्घकाळाची सरासरी तिथेच जाते. त्यामुळे एखाद्याने 'सरासरी संख्या १०० म्हणजे लोकसंख्या स्थिर' असं लिहिलं तर त्याने काहीच सांगितलेलं नाही. ०.८ ला सरासरी १००, आणि ४१ ते १५९ झुलतानाही १००. तुमच्या तक्त्यात सरासरीशेजारी किमान आणि कमाल हे दोन स्तंभ पाहिजेतच.

2.6 टाकलंत की चक्र दुप्पट लांबतं: १८, १५२, ३९, १९०, आणि पुन्हा १८. घाईत बघणाऱ्याला हे 'खाली-वर, खाली-वर' असं दोनचंच चक्र वाटतं. दोन खालचे आकडे वेगळे आहेत आणि दोन वरचेही, हे आलेखावर बिंदूंच्या खुणा ठेवल्या तरच नीट दिसतं. नुसती रेघ काढू नका.

यापुढे दुप्पट होणं फार लवकर-लवकर घडतं. दोनचं चक्र `r` २ ते २.५२६ पर्यंत, चारचं २.६५६ पर्यंत, आठचं २.६८५ पर्यंत, आणि २.६९२ च्या सुमारास ही दुपटीची मालिका संपते. प्रत्येक टप्पा आधीच्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही अरुंद. म्हणून शीटवर `r` ०.१ च्या पायऱ्यांनी वाढवणाऱ्याला आठचं चक्र कधीच भेटत नाही, त्याला चारवरून थेट गोंधळ दिसतो. 2.67 टाकून बघा, भेटेल.

r = ३: केऑस

आता 3. संख्या १० वरून १४९, ३४, २४६, ३, ५६, २०९, ८, १२५, ५९, २०३, ९… साठ पिढ्या बघा, सहाशे बघा, तीच मालिका पुन्हा येत नाही. आणि तरी यात नशिबाचा भाग शून्य आहे. सूत्र तेच, हवामान नाही, शत्रू नाही, फासा नाही. रॉबर्ट मे यांनी १९७४ आणि १९७६ साली हेच पुढे आणलं तेव्हा इकॉलॉजीवाल्यांची अडचण झाली, कारण तोवर वेडीवाकडी संख्या दिसली की बाहेरच्या कारणांना दोष द्यायची पद्धत होती.

असाइनमेंटमध्ये 'केऑस आहे' हे दोन गोष्टींनी सिद्ध करा. नुसता वेडावाकडा आलेख हा पुरावा नव्हे.

पहिली, सुरुवातीची संवेदनशीलता. `B` स्तंभाची नक्कल शेजारी करा आणि सुरुवात १० ऐवजी ११ करा. मोजताना एक किडा दाण्याखाली राहून गेला असं समजा. दोन्ही मालिका अशा जातात:

| पिढी | १० पासून | ११ पासून |
|---|---|---|
| १ | १४९ | १५९ |
| ३ | २४६ | २४२ |
| ५ | ५६ | ६३ |
| ६ | २०९ | १९२ |
| ८ | १२५ | १६९ |
| ९ | ५९ | २१ |

पाच-सहा पिढ्या दोघी जवळपास हातात हात घालून चालतात, आठव्यापासून वाटा फुटतात आणि नवव्या पिढीत एक दुसरीच्या जवळपास तिप्पट आहे. हाच प्रयोग `r` २.३ ला करा. तिथे दोन्ही मालिका काही पिढ्यांत ४१ आणि १५९ वरच येऊन मिळतात. क्वचित एकीची ४१ ची पिढी ती दुसरीची १५९ ची, एवढाच फरक. हे दोन्ही आलेख शेजारी-शेजारी लावलेत की वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

दुसरी गोष्ट, रिटर्न मॅप. मघाशी `C` स्तंभ करून ठेवला तो आता वापरा: आडव्या अक्षावर `B`, उभ्यावर `C`, स्कॅटर आलेख, रेघ न जोडता. वेळेच्या आलेखावर जो निव्वळ गोंधळ होता तो इथे एका स्वच्छ कुबडाच्या वक्रावर बसतो. बिंदू वक्र सोडून कुठेच जात नाहीत. संख्या जर खरंच यादृच्छिक असती तर सगळीकडे विखुरले असते. कुबडाचा माथा `K/r` वर, म्हणजे ३३ किड्यांवर आहे, आणि माथ्याची उंची २४६. हीच मालिकेची कमाल. २४६ नंतर काय येतं ते समीकरणात घालून बघा: ३. हीच किमान. मालिका कितीही वेडी असो, या दोन भिंतींच्या बाहेर जात नाही. 'केऑस म्हणजे काहीही होऊ शकतं' असं उत्तरपत्रिकेत लिहू नका.

द्विभाजनाचा आलेख

सगळे `r` एकाच चित्रात हवे असतील तर शीट अपुरी पडते. आर ही संगणकभाषा असेल तर एवढं पुरे:

```r
plot(NULL, xlim = c(1.5, 3.2), ylim = c(0, 300), xlab = "r", ylab = "N")
for (r in seq(1.5, 3.2, by = 0.002)) {
  N <- 10
  for (t in 1:500) N <- N * exp(r * (1 - N / 100))
  for (t in 1:100) {
    N <- N * exp(r * (1 - N / 100))
    points(r, N, pch = ".")
  }
}
```

पहिल्या ५०० पिढ्या मुद्दाम फेकून दिल्या आहेत. `r` २ च्या अगदी आसपास संख्या आपल्या अंतिम जागी फार सावकाश पोचते. तिथे ५० पिढ्याच फेकल्यात तर रेघ एक असायला हवी तिथे जाड पट्टा येतो आणि मुलं त्याला केऑस म्हणतात. पट्टा खरा की अपुऱ्या प्रतीक्षेचा, हे ओळखायचं तर ५०० चे ५००० करून पुन्हा चालवा. अपुऱ्या प्रतीक्षेचा पट्टा अरुंद होत जातो, खरा केऑस जागच्या जागी राहतो.

चित्रात ३.१ च्या जरा पुढे गोंधळातच एक मोकळी खिडकी दिसेल. शीटवर 3.12 टाकून तपासा: ३२, २६७, दीड, पुन्हा ३२. तीनचं चक्र. म्हणजे `r` वाढला की केऑस वाढतच जातो असंही नाही.

मार्क कुठे जातात

सगळ्यात जास्त घोळ उंबरठ्याच्या आकड्यांचा. पुस्तकात 'केऑस ३.५७ ला सुरू होतो' असं असतं आणि आपल्या शीटवर २.६९ ला दिसतो, मग मुलं घाबरून आपलंच उत्तर खोडतात. ३.५७ हा `x(t+1) = a*x(t)*(1-x(t))` या रूपाचा `a` आहे. मघाचं लॉजिस्टिकचं डिस्क्रीट रूप घेतलंत तर तोच उंबरठा २.५७ होतो, कारण `a` म्हणजे `1 + r`. रिकरसाठी २.६९. तिन्ही बरोबर आहेत. स्थिरता मात्र आपल्या दोन्ही रूपांत `r` २ ला सुटते, कारण दोन्हींचा `K` वरचा उतार `1 - r` आहे. कुठलं समीकरण वापरलं ते पहिल्या पानावर लिहा, म्हणजे तपासणारा आणि तुम्ही एकाच आकड्याबद्दल बोलत असाल.

दुसरा घोळ पूर्णांकांचा. अर्धा भुंगेरा नसतो म्हणून काही जण सूत्रात `ROUND` घालतात. मग १० पासून निघालेली मालिका दशांशाच्या मालिकेपासून लवकरच वेगळी पडते, आणि संख्या मोजक्याच पूर्णांकांत फिरायची असल्यामुळे कधी ना कधी आधीच्या आकड्यावर परत येते, म्हणजे केऑसच्या जागी चक्र मिळतं. दिसायला पूर्णांक हवे असतील तर सेलचं फॉरमॅट बदला, सूत्र नको.

पण भुंगेरा खरंच असा वागतो का?

इथवर सगळे येतात. इथून पुढे फार कमी जण जातात, आणि चांगल्या असाइनमेंटचा फरक इथेच पडतो.

हिशेब करू. समजा एका मादीने ८० अंडी घातली आणि गर्दी नसताना त्यातली ८० टक्के जगली, तर ६४ प्रौढ. हे दोन किड्यांमागे, म्हणून एका किड्यामागे ३२. `ln(32)` म्हणजे सुमारे ३.५. रिकर मॉडेलला विचारलं तर हा आकडा उंबरठ्याच्या कितीतरी पलीकडे, संख्येचे प्रचंड हेलकावे व्हायला हवेत. पण जपानी संशोधक उतिदा यांनी याच गटातले भुंगेरे प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवले तेव्हा त्यांना झुलत-झुलत शांत होणारी संख्या दिसली. हॅसेल, लॉटन आणि मे यांनी १९७६ साली कीटकांची उपलब्ध आकडेवारी तपासली, तर बहुतेक संख्या स्थिर बाजूला निघाल्या. मग मोठ्या `r` चं काय झालं?

उत्तर असं की मोठा `r` एकटा पुरेसा नाही. गर्दीची शिक्षा किती तीव्र आहे तेही हवं, आणि रिकरने ती फार तीव्र धरली आहे. हॅसेलचं मॉडेल ही तीव्रता वेगळी काढून हातात देतं:

```
N(t+1) = L * N(t) / (1 + a*N(t))^b
```

`L` म्हणजे आपला ३२, `b` म्हणजे तीव्रता, आणि `a` फक्त संख्येचं मोजमाप ठरवतो; मघाच्या लॉजिस्टिकमधला `a` तो हा नव्हे. समतोलावरचा उतार इथे `1 - b*(1 - L^(-1/b))` येतो. `L` ३२ वर कायम ठेवून फक्त `b` बदला. `b` १ असेल तर उतार `1/32`, धन. यालाच बेव्हर्टन-होल्ट म्हणतात, आणि इथे `L` हजार केलात तरी संख्या एकदाही झुलत नाही. `b` २ ला उतार सुमारे −०.६५, म्हणजे झुलत शांत होणारी. `b` ३ ला −१.०६, नुकतंच चक्र सुरू. `b` खूप मोठा केलात की रिकर मिळतो, उतार −२.४७. जीव तोच, `L` तोच. फक्त एका दाण्यात अळ्या कशा भांडतात यावर सगळं ठरलं. एका अळीने दाणा बळकावून बाकीच्यांना संपवलं तर `b` एकाजवळ. सगळ्यांनी वाटून खाल्लं आणि कुणालाच पुरलं नाही तर `b` मोठा.

एका पिढीत करण्यासारखा प्रयोग

केऑस पाहायला वीस पिढ्या भुंगेरे पाळत बसलात तर दीड वर्ष जाईल आणि सेमिस्टर संपेल. त्याची गरज नाही, कारण आपल्याला मालिका नको, कुबडाचा वक्र हवा, आणि तो एका पिढीत मिळतो.

सारख्या वजनाची स्वच्छ चवळी सारख्या बरण्यांत भरा. चवळी आधी काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवून खोलीच्या तापमानाला आणा, नाहीतर बाजारातून आत आलेली अंडी तुमच्या हिशेबात मिसळतील. बरण्यांत २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८ असे नुकतेच बाहेर पडलेले किडे सोडा, निम्मे नर निम्म्या माद्या, प्रत्येक घनतेच्या तीन बरण्या. तोंडाला मलमलचं कापड. दोन आठवड्यांनी जुने मेलेले किडे काढून टाका. नवे बाहेर पडू लागले की रोज मोजून बाजूला करा. रोज काढणं महत्त्वाचं आहे, नाहीतर ते अंडी घालतील आणि तिसरी पिढी दुसरीत मोजली जाईल. बाहेर पडणं थांबलं की प्रत्येक बरणीची बेरीज करा.

मग आडव्या अक्षावर सोडलेले किडे, उभ्यावर `ln(मिळालेले / सोडलेले)`. बिंदू सरळ उतरत्या रेषेवर बसले तर रिकर लागू आहे. रेषा उभ्या अक्षाला जिथे भेटते तो `r`, आडव्याला जिथे छेदते तो `K`. शीटमध्ये `INTERCEPT` आणि `SLOPE` दोन्ही काढून देतात, आणि `K` साठी इंटरसेप्टला स्लोपने भागून चिन्ह बदला. बिंदू आधी झपाट्याने उतरून मग सपाट होत गेले तर सरळ रेष ओढू नका. शिक्षा रिकरहून सौम्य आहे, हॅसेलचं मॉडेल बसवा आणि `b` बघा. सरळ रेषेतून आलेला `r` अशा वेळी खऱ्याहून कमी येतो, कारण रेष कमी घनतेच्या उंच बिंदूंच्या खालून जाते.

घरातल्या डब्यात मात्र हे शोधू नका. तिथे दाणे दर पिढीला नवे येत नाहीत, आहेत तेच पोखरले जातात, म्हणून `K` स्वतःच घसरत जातो आणि शेवटी पिठूळ भुसा आणि मेलेले किडे उरतात. स्थिर `K` हवा असेल तर दर पिढीला तेवढेच ताजे दाणे द्यावे लागतात, आणि प्रयोगशाळेत तेच करतात.

निष्कर्षात आपला `r` आणि `b` लिहा, त्यांवरून उतार काढा आणि तो −१ च्या कुठल्या बाजूला पडतो ते सांगा. बरण्यांच्या तीन-तीन मोजण्यांत फरक मोठा असेल आणि उतार −०.९ सारखा सीमेवर आला असेल, तर 'स्थिर' असं ठाम लिहू नका. प्रत्येक घनतेची सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी मोजणी घेऊन उतार दोनदा काढा आणि दोन्ही आकडे द्या. आणि किमान संख्या तीनच्या आसपास जाते असं मॉडेल म्हणत असेल तर तेवढं एक वाक्य जोडा: तिघेही नर निघाले तर खऱ्या बरणीत पुढची पिढीच येणार नाही, आणि हे समीकरणाला दिसत नाही.